पाय ताणताय, पण स्नायू खरंच लांबतोय का? या चुका टाळा

दीड महिना रोज सकाळी पश्चिमोत्तानासन केलं, आधी बोटं नडगीपर्यंत जात होती, आता अंगठा पकडता येतो. यातून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, की मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, लांब झाला. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि पुढच्या चुका त्यातूनच होतात.

स्नायू निष्क्रिय अवस्थेत ओढला की तो विरोध करतो. पाय जेवढा वर, तेवढा विरोध जास्त. एका टप्प्यावर मेंदू सांगतो, ‘बस, आता नको.’ त्या क्षणी जो कोन असतो त्याला आपण लवचिकता म्हणतो. तो कोन दोन कारणांनी वाढू शकतो. एकतर स्नायू खरंच लांब किंवा मऊ झाला, म्हणजे तेवढ्याच ओढीत पाय जास्त वर गेला. नाहीतर स्नायू होता तसाच आहे, फक्त ‘बस’ म्हणायची पाळी उशिरा येते. याला ताण सहनशीलता म्हणतात. 1996 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी काही जणांचा एकच पाय 3 आठवडे ताणला आणि यंत्रावर ओढ मोजली. त्या पायाचा कोन वाढला, पण कोन आणि विरोध यांचा आलेख पूर्वीच्याच रेषेवर होता, नुसता त्याच रेषेवर आणखी पुढपर्यंत गेला होता. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात एका वेळी 30 मिनिटं, असं 6 आठवडे हॅमस्ट्रिंग ताणून पाहिलं, तेव्हाही ठरावीक ओढीला कोन वाढला नाही. एका वेळी अर्धा तास म्हणजे आपल्या दोन-तीन मिनिटांच्या कितीतरी पट.

पहिली चूक: पायाच्या बोटांना हात लावून प्रगती मोजणं. बोटं पोचायला पाठीचा कणा वाकतो, खांदे पुढे येतात, आणि हॅमस्ट्रिंग तसूभरही न हलता चार-पाच सेंटिमीटर मिळून जातात. मोजायचंच असेल तर ओढ आणि कोन दोन्ही मोजा. त्यासाठी बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, दोन-तीन पट्टे, एक पातळ लाकडी पट्टी, फोन आणि एक मदतनीस पुरे.

उताणे झोपा. दुसरी मांडी पट्ट्यानं जमिनीला टेकवून ठेवा, नाहीतर कंबर उचलली जाते आणि कोन फुगतो. मोजायच्या पायाच्या गुडघ्यामागे पातळ लाकडी पट्टी बांधा, म्हणजे गुडघा वाकणार नाही. घोट्याला पट्टा, त्यात काट्याचा हूक. मदतनीसानं काटा पायाला काटकोनात धरून पाय सावकाश उचलायचा. तुम्ही पाय अगदी सैल सोडायचा, आपण होऊन जरासुद्धा उचलायचा नाही. फोन नडगीवर ठेवून लेव्हल अॅपवर कोन वाचायचा. सुरुवातीला काटा पायाचं वजनच दाखवतो. पाय वर जाईल तसा आकडा आधी उतरतो आणि मग स्नायू ओढ घेऊ लागला की चढतो. आपल्याला हा चढता भागच हवा.

समजा, पहिल्या दिवशी चढत्या भागात 6 किलोला 70 अंश आले आणि 9 किलोला 78 अंशांवर तुम्ही ‘बस’ म्हणालात. सहा आठवड्यांनी ‘बस’ 12 किलोला, 86 अंशांवर आलं, पण 6 किलोला कोन 71 अंशच. म्हणजे 8 अंशांची कमाई झाली आणि ती जवळजवळ सगळी सहनशीलतेची. 6 किलोलाच 78 अंश आले असते, तर स्नायूतच काही बदललं असं म्हणता आलं असतं. एक-दोन अंशांच्या फरकावर जाऊ नका, घरच्या मोजणीत तेवढी चूक सहज होते. तीन वेळा मोजा आणि मधला आकडा धरा.

दुसरी चूक: ताणून झाल्यावर लगेच मोजणं. स्नायू ताणून धरला की त्यातला विरोध काही सेकंदांत ओसरू लागतो, पण हा परिणाम तासाभरात बहुतेक पुसला जातो. त्यामुळे व्यायामानंतरचा फोटो पुरावा म्हणून कामाचा नाही. मोजणी नेहमी ठरलेल्या वेळी, ताणण्याआधी करा.

तिसरी चूक: जास्त दुखलं तर जास्त लांबेल असं समजणं. ही समजूत ‘आखडलेली शीर मोकळी होते’ या बोलीतून आली असावी. ताणण्याचा फायदा मुख्यतः सहनशीलतेचा असेल, तर मेंदूला ती स्थिती सुरक्षित वाटली पाहिजे, आणि दात ओठ खाऊन ती तशी वाटत नाही. दहापैकी पाच-सहा इतकी ओढ, 30 सेकंद, प्रत्येक पायाला 4 वेळा, आठवड्यातून 5 दिवस एवढं पुरतं. श्वास अडकत असेल तर ओढ जास्त आहे. कळ नितंबाच्या खाली, बसताना टेकतं त्या हाडापाशी एका बोटानं दाखवता येत असेल, तर तिथे ताणणं थांबवा. तिथे स्नायूबंध हाडाला जोडलेला असतो. पुढे वाकताना तो हाडावर दाबला जातो, आणि ताणत राहिल्यानं दुखणं लांबतं.

चौथी चूक: नसेची ओढ स्नायूची समजणं. पाय वर असताना पाऊल स्वतःकडे ओढा किंवा हनुवटी छातीला लावा. मान वाकवल्यानं हॅमस्ट्रिंगवर काहीच फरक पडत नाही, कारण तो स्नायू मानेपर्यंत जातच नाही. मान वाकवल्यावर पायातली ओढ वाढली, किंवा मुंग्या, चटका, पोटरीखाली उतरणारी कळ आली, तर सायटिक नस कुरकुरते आहे. अशा वेळी धरून ठेवणं सोडा आणि पाऊल सैल ठेवून गुडघा सावकाश वाकवा-सरळ करा. मुंग्या टिकल्या किंवा पायात जोर कमी वाटला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पाचवी चूक: ऊतीत बदल हवा आणि उपाय मात्र सहनशीलतेचा करणं. स्नायू लांब होऊच शकत नाही असं नाही. मांजरांच्या पोटरीचा एक स्नायू ताणलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा सुमारे 4 आठवड्यांत त्याच्या तंतूंमध्ये सुमारे 20 टक्के नवे सार्कोमिअर, म्हणजे आकुंचनाचे लहान कप्पे, एकापुढे एक जोडले गेले. प्लास्टर काढल्यावर ते पुन्हा कमीही झाले. पण तो ताण दिवसरात्र होता. माणसाला त्यातल्या त्यात हाताशी असलेली वाट म्हणजे लांबलेल्या स्थितीत भार घेणं. असा व्यायाम काही आठवडे केल्यावर अल्ट्रासाउंडवर हॅमस्ट्रिंगचे तंतुगुच्छ लांबलेले दिसतात. ते नव्या कप्प्यांमुळे की जुनेच कप्पे ताणल्यामुळे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

करायचं असेल तर रोमानियन डेडलिफ्ट घ्या. दोन्ही हातांत डंबेल, गुडघे किंचित वाकलेले, नितंब मागे ढकलत 3 ते 4 सेकंदांत खाली या आणि पाठ गोल व्हायच्या आधी थांबा. 8 वेळा, 3 फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. वजन असं निवडा की आठव्या वेळेनंतर आणखी दोन तरी जमतील. पहिल्या आठवड्यात दोन दिवस मांड्या मागून भरून येतील, ते चालतं. सातव्या-आठव्या आठवड्यात पुन्हा काटा लावून 6 किलोचा कोन बघा.