आधी हेसनबर्ग, मग क्यूआर: ट्रेस जुळला, पण उत्तर चुकलं

एमएस्सीला असताना आयगेनव्हॅल्यू काढणारा प्रोग्राम स्वतः लिहून बघायची हुक्की आली. क्यूआर पद्धत कागदावर फार सोपी वाटते. मॅट्रिक्स A चे लंबकोनी Q आणि वरचा त्रिकोणी R असे दोन घटक करायचे, ते उलट क्रमाने गुणायचे, आणि RQ हा नवा A धरून, कर्णाखालच्या संख्या विरून आयगेनव्हॅल्यू कर्णावर दिसेपर्यंत हेच परत करत राहायचं. R = QᵀA असल्यामुळे RQ म्हणजे QᵀAQ, म्हणून आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत. १० × १० ला झकास चाललं. १००० × १००० दिल्यावर प्रोग्राम अडकला की चालू आहे, हेच कळेना.

हिशेब केला तेव्हा कारण सापडलं. भरलेल्या मॅट्रिक्सचं हाउसहोल्डर पद्धतीने R काढायला साधारण (४/३)n³ क्रिया लागतात आणि त्या R वर उजवीकडून Q चढवायला साधारण २n³. म्हणजे एका फेरीला (१०/३)n³. फेरीआधी कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून एक वास्तव संख्या μ वजा करायची आणि फेरीनंतर ती परत मिळवायची, हा शिफ्ट. चांगला शिफ्ट वापरला तर एका आयगेनव्हॅल्यूमागे दोनेक फेऱ्या लागतात, आणि आयगेनव्हॅल्यू n आहेत. एकूण काम n⁴ च्या घरात जातं.

यावर उपाय म्हणजे फेऱ्या सुरू करण्याआधी एकदाच मॅट्रिक्स हेसनबर्ग रूपात आणणं. या रूपात मुख्य कर्णाच्या खालच्या लगतच्या कर्णापर्यंतच संख्या असतात, त्याखाली सगळी शून्यं. इथे प्रत्येक नवख्याला पडणारा प्रश्न मलाही पडला होता: शून्यं करायचीच आहेत, तर थेट त्रिकोणीच का नको? कर्णाखाली एक पट्टा कशाला ठेवायचा?

उत्तर उजव्या गुणाकारात आहे. आयगेनव्हॅल्यू टिकवायच्या तर डावीकडून शून्यं करणारं परावर्तन P लावला की उजवीकडूनही P लावावाच लागतो. पहिला कॉलम पूर्ण साफ करायचा तर P ला पहिल्या ओळीला हात लावावा लागतो. मग उजवीकडून गुणताना तोच P पहिल्या कॉलमलाही हात लावतो आणि आत्ता केलेली शून्यं पुसून टाकतो. पण P दुसऱ्या ओळीपासून सुरू केला, तर उजवीकडून तो दुसऱ्या कॉलमपासूनच काम करतो. पहिल्या कॉलममधली शून्यं शाबूत राहतात. त्याची किंमत म्हणजे कर्णाखालची ती एक संख्या.

हाताने करून बघू:

```
A =  1   5   5
     3   5   0
     4   0  10
```

पहिल्या कॉलमचा खालचा भाग (३, ४), त्याची लांबी ५. त्याला (−५, ०) करणारं परावर्तन हवं. चिन्ह उणे घेतलं, कारण v = (३, ४) − (−५, ०) = (८, ४) यात बेरीज होते. उलट चिन्ह घेतलं तर जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होऊन अचूकता जाऊ शकते. v वरून मिळणारा P असा:

```
P = -0.6  -0.8
    -0.8   0.6
```

आता तो खालच्या दोन ओळींना डावीकडून आणि शेवटच्या दोन कॉलमना उजवीकडून लावायचा:

```
H =  1   -7    -1
    -5   8.2  -2.4
     0  -2.4   6.8
```

मी नेमका इथे आपटलो. माझ्या कोडमध्ये उजवा गुणाकार असा होता:

```python
H[1:, 1:] = H[1:, 1:] @ P   # चूक
H[:, 1:]  = H[:, 1:] @ P    # बरोबर
```

चुकीच्या ओळीने पहिली ओळ १, ५, ५ अशीच राहते. मी ट्रेस तपासला, १६ आला, मूळचाही १६. निश्चिंत झालो. मग सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज पाहिली, तीही दोन्हीकडे २०१. साहजिकच आहे: पहिल्या ओळीतले ५, ५ हे कर्णावर नाहीत, आणि P लांबी बदलत नाही. दोन्ही तपासण्यांना ही चूक दिसूच शकत नव्हती. पण A² चा ट्रेस १९६, तर माझ्या चुकीच्या H² चा ७६. डिटर्मिनंटही −२०० ऐवजी २८०. दोन संध्याकाळी मी शिफ्टमध्ये चूक शोधत होतो, आणि ती होती एका कोलनपाशी. तेव्हापासून मी Q जमवत जातो आणि QHQᵀ − A चा नॉर्म बघतो. तो A च्या नॉर्मच्या मानाने १०⁻¹⁴ च्या आसपास यायला हवा.

आता फेरी स्वस्त कशी होते ते पाहू. H च्या प्रत्येक कॉलममध्ये कर्णाखाली एकच संख्या आहे. ती घालवायला मोठं परावर्तन नको, लगतच्या दोन ओळींमधलं एक गिव्हन्स फिरवणं पुरतं. अशी n − १ फिरवणी केली की R तयार. मग तीच फिरवणी त्याच क्रमाने उजवीकडून, लगतच्या दोन-दोन कॉलमना. R त्रिकोणी असल्यामुळे k आणि k+१ हे कॉलम मिसळले की कर्णाखाली एकच नवी संख्या उगवते, (k+१, k) या जागी. म्हणजे RQ पुन्हा हेसनबर्गच! शिफ्टनेही काही बिघडत नाही, कारण H − μI मध्ये फक्त कर्ण बदलतो. एकदा कमावलेली शून्यं प्रत्येक फेरीत टिकतात, म्हणूनच हा सगळा खटाटोप परवडतो.

एका फिरवणीत संख्यांच्या प्रत्येक जोडीमागे ६ क्रिया लागतात. डावीकडच्या मिळून ३n², उजवीकडच्या ३n², एकूण ६n². n = १००० ला भरलेल्या मॅट्रिक्सची एक फेरी साधारण ३३३ कोटी क्रियांची, तर हेसनबर्गची ६० लाखांची. आणि हेसनबर्ग रूपात आणायचा खर्च? तोही (१०/३)n³ च. म्हणजे भरलेल्या मॅट्रिक्सच्या जेमतेम एका फेरीएवढी किंमत एकदाच मोजायची, आणि पुढची प्रत्येक फेरी साडेपाचशे पट स्वस्त.

माझ्या एका मित्राने हे ऐकून फक्त सुरुवातीला `scipy.linalg.hessenberg` जोडलं आणि "काही फरक पडत नाही रे" म्हणून फोन केला. त्याची फेरी अजूनही `np.linalg.qr(H)` आणि `R @ Q` अशी होती. `qr` ला H मधल्या शून्यांची कल्पना नसते, तो भरलेलं मॅट्रिक्स समजूनच काम करतो. `R @ Q` ही पूर्ण गुणाकार करतो. शून्यं असून उपयोग नाही, कोडने ती वगळायला हवीत. एक गंमत अशी की साध्या पायथॉन लूपमध्ये गिव्हन्स लिहिल्यावर लहान n ला ते उलट हळू वाटतं. म्हणून घड्याळ एकदाच बघू नका. n दुप्पट करा आणि एका फेरीचा वेळ चौपटीकडे जातो की आठपटीकडे, ते पाहा.

मॅट्रिक्स सममित असेल तर हेसनबर्ग रूप आपोआप तीन कर्णांचं होतं, आणि फेरीचा खर्च n² वरून n च्या पटीत येतो. वरच्या उदाहरणात मात्र −७ आणि −५ समोरासमोर आहेत, म्हणजे सममिती नाही.

वास्तव मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स निघाल्या, तर वर सांगितलेला एकेरी वास्तव शिफ्ट तिथे पोचूच शकत नाही. कर्णावर २ × २ चा एक ठोकळा हटूनच बसतो. त्यासाठी फ्रान्सिसने १९६१-६२ च्या शोधनिबंधांत दुहेरी शिफ्ट दिला. त्यात कॉम्प्लेक्स संख्या न वापरता हेसनबर्गमध्ये एक छोटा फुगवटा तयार करून तो कर्णावरून खाली ढकलत नेतात, आणि अशी एक दुहेरी फेरी साधारण १०n² मध्ये होते. `np.linalg.eigvals` च्या आत चालणाऱ्या लॅपॅकमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या रूटीनमध्ये दिसतील: `dgehrd` हेसनबर्ग करतं आणि `dhseqr` फेऱ्या मारतं. आपलं कोड लिहून झालं की दोन्ही टप्प्यांची उत्तरं त्यांच्याशी वेगवेगळी ताडून बघा. फक्त H मधली चिन्हं जुळली नाहीत तर घाबरू नका, परावर्तनाचं चिन्ह कोणी कसं घेतलं त्यावर ती ठरतात.