परदेशी फॉर्मवरचा ‘वंश’: सोलापूरकरांनी कोणत्या चौकटीत खूण करावी?

सोलापुरात फॉर्म भरताना जात, धर्म, मातृभाषा हे रकाने अंगवळणी पडलेले असतात. साखर पेठेतली पद्मशाली मुलगी मातृभाषेपुढे तेलुगू लिहिते, तिची लिंगायत मैत्रीण कन्नड आणि तिसरी मराठी. ‘वंश’ हा रकाना मात्र तिघींनीही पाहिलेला नसतो. परदेशात गेल्यावर नोकरीच्या किंवा दवाखान्याच्या फॉर्मवर तो समोर येतो आणि तिघींना एकाच चौकटीत बसावं लागतं. ती चौकट कुठली, हे मात्र देशागणिक बदलतं.

कारण ही वर्गवारी तुमचा रंग किंवा रक्त तपासून होत नाही. त्या देशाच्या कायद्याला आपल्याच माणसांत कोणता फरक करायचा होता, त्यावरून चौकटी आखल्या गेल्या. बाहेरून येणाऱ्याला त्या तयारच मिळतात.

अमेरिकेत हे सगळ्यात उघडं दिसतं. तिथे बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व आधी फक्त ‘गोऱ्यां’ना आणि 1870 नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळे. भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाने न्यायालयात मांडलं की, मानववंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय ‘कॉकेशियन’ ठरतात, म्हणजे मी गोराच. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीनच महिने आधी याच न्यायालयाने ओझावा या जपानी अर्जदाराला तो कॉकेशियन नाही म्हणून नाकारलं होतं! भारतीयांना नागरिकत्वाची वाट 1946 च्या कायद्याने मोकळी झाली.

जनगणनेचं तर विचारूच नका. 1920 ते 1940 भारतीयांचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जाई, मग तो शीख असो की मुसलमान. 1970 मध्ये त्यांची मोजणी गोऱ्यांत झाली आणि 1980 मध्ये ‘एशियन इंडियन’ ही वेगळी चौकट आली. म्हणजे 1969 मध्ये तिथे गेलेला सोलापूरचा माणूस घर न बदलता अकरा वर्षांत दोन वंशांचा झाला.

आता प्रत्यक्ष भरायचं कसं? अमेरिकी फॉर्मवर `Asian` निवडा आणि पुढे तपशील विचारला तर `Asian Indian`. नवे लोक हमखास चुकतात ते `American Indian or Alaska Native` वर. ‘इंडियन’ शब्द दिसला की बोट तिकडेच जातं, पण ती चौकट तिथल्या मूळनिवासींची आहे. पुष्कळ फॉर्मवर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, आहात का, हा प्रश्न वेगळा असतो, तिथे ‘नाही’.

नोकरीच्या ठिकाणी ही माहिती देणं ऐच्छिक असतं. मात्र मोठ्या कंपन्यांना सरकारकडे वंशवार आकडे पाठवावे लागतात. तुम्ही रकाना कोरा ठेवलात, तर कंपनी तिच्याकडच्या नोंदींवरून किंवा नुसतं तुमच्याकडे पाहून अंदाजाने चौकट भरू शकते. सावळा रंग बघून तो अंदाज सहज चुकतो. म्हणून आमचं मत: स्वतःच भरा.

ब्रिटनमध्ये साखर पेठेतली तीच मुलगी `Asian or Asian British` खाली `Indian` ठरते. शब्द तोच, पण बोलण्यातला अर्थ वेगळा. लंडनमध्ये कुणी ‘एशियन’ म्हटलं तर बहुधा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी डोळ्यांपुढे येतात, तर अमेरिकेत आधी चिनी, जपानी, कोरियन. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत चिनी लोक 2011 च्या आधी ‘एशियन’ गटात नव्हतेच. कॅनडात आपण `South Asian` होतो. फ्रान्समध्ये जनगणना वंश विचारतच नाही.

दवाखान्यात मात्र ही चौकट खरोखर कामाची असते. दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून ब्रिटनमध्ये आपल्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या मापाची, धोक्याची पातळी 25 ऐवजी 23 धरतात आणि जास्त धोक्याची 30 ऐवजी 27.5. समजा त्या मुलीची उंची 160 सेंटीमीटर आणि वजन 60 किलो. 60 भागिले 1.6 चा वर्ग, म्हणजे 23.4. गोऱ्यांच्या मापाने ती ठणठणीत, आपल्या मापाने साखर तपासून घ्यावी अशी. नोंद चुकीची किंवा कोरी असेल तर ही सूचना निसटू शकते. दवाखान्यात नाव नोंदवताना एथनिसिटीचा, म्हणजे वांशिक गटाचा, रकाना म्हणूनच टाळू नका, आणि जुनी नोंद चुकली असेल तर स्वागतकक्षात सांगून दुरुस्त करून घ्या.

तिने तिथल्या गोऱ्या मुलाशी लग्न केलं, तर बाळासाठी ब्रिटनमध्ये `White and Asian` ही तयार चौकट आहे. अमेरिकी जनगणनेत 2000 पासून एकापेक्षा जास्त चौकटींवर खूण करता येते, तेव्हा दोन्ही भरायच्या.