एएच बघून बॅटरी घेऊ नका, आधी व्होल्टने गुणा

गेल्या आठवड्यात आमच्या घणसोलीतल्या सोसायटीत पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी मला थांबवलं. "अरे, माझ्या स्कूटरची बॅटरी 30 एएच आहे आणि घरातली इन्व्हर्टरची 150, म्हणजे घरातली पाचपट मोठी झाली ना, मग स्कूटरच्या बॅटरीला एवढे पैसे कसले?" हाच प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं, कारण इन्व्हर्टर बसवणं आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या बघणं हे मी बरीच वर्षं करतोय. आणि दरवेळी सांगावं लागतं की काका, या दोन बॅटऱ्या साठवणीला अगदी सारख्या आहेत. स्कूटरची 60 व्होल्टची आहे, घरातली 12 व्होल्टची.

```
60 × 30  = 1800 Wh
12 × 150 = 1800 Wh
```

दोन्हीत 1800 वॅट-अवर, म्हणजे लाइट बिलावरच्या भाषेत 1.8 युनिट. लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे 1000 वॅट-अवर, हे एकदा डोक्यात बसलं की बॅटरीचा आकडा आपोआप ओळखीचा वाटायला लागतो.

एएच हा आकडा फक्त एवढंच सांगतो की बॅटरीतून किती करंट किती तास निघेल. 30 एएच म्हणजे 1 अँपिअर 30 तास किंवा 3 अँपिअर 10 तास. पण तो करंट किती जोराने ढकलला जातोय हे त्यात कुठेच नाही, ते व्होल्ट सांगतात. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला आणून टाटांच्या केंद्रात 1915 पासून वीज बनते, तिथे नुसतं किती पाणी आलं हे सांगून वीज किती झाली ते कळणार नाही, पाणी किती उंचावरून पडलं तेही लागतं. तेवढंच पाणी गच्चीच्या टाकीतून खाली सोडलं तर त्यातून नखभर वीज होईल. एएच म्हणजे पाणी, व्होल्ट म्हणजे उंची, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे खरी साठवण.

आता करायचं कसं.

लेबल शोधा, त्यावरचे एएच आणि व्होल्ट लिहून घ्या. एमएएच असेल तर आधी हजाराने भागा. मग गुणा. झालं. इन्व्हर्टरवर 900 व्हीए वगैरे जे लिहिलेलं असतं त्याचा साठवणीशी काही संबंध नाही, तो एका वेळी किती लोड ओढेल त्याचा आकडा आहे, तो या हिशोबात आणू नका.

गुणायचं कोणत्या व्होल्टने, इथेच सगळे फसतात

मीही सुरुवातीला इथेच फसायचो, म्हणून नीट सांगतो. एकाच बॅटरीला तीन-चार वेगवेगळे व्होल्ट चिकटलेले दिसतात. मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टची भरलेली बॅटरी 12.7 दाखवते, चार्जिंग चालू असताना लावला तर चौदाच्या आसपास. स्कूटरच्या चार्जरवर 67.2 व्होल्ट लिहिलेलं असतं. पॉवर बँकेच्या तोंडाशी 5 व्होल्ट निघतात. यातला एकही आकडा गुणायला घ्यायचा नाही. घ्यायचा तो बॅटरीच्या आतल्या सेलचा सरासरी व्होल्टेज, ज्यावर कंपनीने एएच मोजलेले असतात, लेबलवर तो नॉमिनल म्हणून असतो.

चार्जरचा आकडा का नाही? कारण 67.2 हा पूर्ण भरल्या क्षणाचा आकडा आहे. आत 16 सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येक सेल भरल्यावर 4.2 व्होल्टला जातो, 16 गुणिले 4.2 बरोबर 67.2. पण वापरायला सुरुवात केली की तो खाली येतो आणि बराच वेळ 3.7 च्या आसपास राहतो, म्हणजे पॅक 59.2 वर, त्यालाच बाजारात 60 म्हणतात. एका विक्रेत्याने मला 67.2 गुणिले 30 करून "दोन युनिटची बॅटरी आहे साहेब" म्हणून सांगितलं होतं. आकडा येतो 2016, खरा 1776. कागदावर 240 वॅट-अवर फुकटचे वाढवले, आणि पैसे त्याच हिशोबाने मागितले.

पॉवर बँकेत तर याहून मोठा गोंधळ. हल्ली बरेच जण लाइट गेल्यावर वायफायचा राउटर पॉवर बँकेवर चालवतात, 5 चे 12 व्होल्ट करणारी केबल लावून. पॉवर बँकेवर 20000 एमएएच लिहिलंय, म्हणजे 20 एएच, राउटर 12 व्होल्टचा, मग 12 गुणिले 20 बरोबर 240 वॅट-अवर, राउटर 10 वॅट खातो, म्हणजे 24 तास चालेल असं एका मुलीने मला अगदी खात्रीने सांगितलं होतं, तिचं वर्क फ्रॉम होम होतं आणि सोसायटीत देखभालीसाठी दिवसभर लाइट जाणार होती. पण ते 20 एएच आतल्या सेलचे आहेत, आणि सेल 3.7 व्होल्टचा. 3.7 गुणिले 20 बरोबर 74 वॅट-अवर. त्यातले व्होल्ट चढवताना थोडे वाया जातात, हातात साधारण 60 उरतात, म्हणजे 6 तास. केबल लावून व्होल्ट वाढले तरी आतली ऊर्जा वाढत नाही, व्होल्ट जेवढे चढतात तेवढे एएच उतरतात. पॉवर बँक उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेकांवर 74 वॅट-अवर सरळ छापलेलं असतं. विमानात नेतानाही हाच आकडा बघतात, वेगळी परवानगी न घेता 100 वॅट-अवरपर्यंत नेता येतं.

लेबल फाटलेलं असेल तर सेलवरून काढा. लेड-ॲसिडचा एक सेल 2 व्होल्टचा, साध्या लिथियम-आयनचा 3.6 किंवा 3.7, आणि लिथियम फॉस्फेटचा 3.2. म्हणूनच लिथियम फॉस्फेटची "12 व्होल्ट" बॅटरी खरं तर 12.8 ची असते, चार सेलची. 100 एएचची असेल तर 1200 नाही, 1280 वॅट-अवर.

दोन बॅटऱ्या जोडल्या की

ही माझी स्वतःची चूक आहे आणि ती मला अजून बोचते. ऐरोलीत एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात 24 व्होल्टचा इन्व्हर्टर बसवला, त्याला 150 एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दुकानदार म्हणाला होता, "दोन दीडशे म्हणजे तीनशे एएच", मी ते ऐकलं, वर 24 ने गुणलं आणि 7200 वॅट-अवर धरून डॉक्टरांना दहा तासांचा शब्द दिला. लसींचा फ्रिज त्यावरच होता. पाच तासांत सगळं बंद. संध्याकाळी लसी बर्फाच्या डब्यात घालून दुसऱ्या दवाखान्यात न्याव्या लागल्या.

सिरीजमध्ये एका बॅटरीतून जो करंट जातो तोच पुढच्या बॅटरीतूनही जातो. त्यामुळे व्होल्टची बेरीज होते, एएच 150 चे 150 च राहतात. 24 गुणिले 150 बरोबर 3600. पॅरलल जोडल्या असत्या तर व्होल्ट 12 राहिले असते आणि एएच 300 झाले असते, 12 गुणिले 300 परत 3600. मी व्होल्टही दुप्पट केले आणि एएचही, म्हणून दुप्पट आकडा आला.

तेव्हापासून मी एकच पद्धत ठेवलीये आणि तुम्हीही तीच ठेवा. आधी एका बॅटरीचे वॅट-अवर काढा, 12 गुणिले 150 बरोबर 1800, आणि मग बॅटऱ्यांच्या संख्येने गुणा. जोडणी कशी आहे हे बघायचीच गरज नाही, दोन सारख्या बॅटऱ्यांत एकीच्या दुप्पट ऊर्जा असते, वायर कशाही फिरवा. कोणी जोडणीवरून वेगळा आकडा सांगत असेल तर तो चुकतोय.

किती तास चालेल

सगळे 1800 हातात येत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सी20 लिहिलेलं असतं, म्हणजे 150 एएच हे 20 तासांत हळूहळू काढले तर मिळतील, साडेसात अँपिअरने. घरात दोन पंखे 75 वॅटचे, चार एलईडी ट्यूब 20 च्या आणि राउटर 10 चा, असे 240 वॅट लावले की बॅटरीतून वीस-पंचवीस अँपिअर ओढले जातात आणि लेड-ॲसिड तेवढ्या घाईत पूर्ण देत नाही. शिवाय ती तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते. मी 70 टक्के धरतो, 1260. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, त्याचे 85 टक्के, उरले साधारण 1070. भागिले 240, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर यातूनही कापा, आणि तासाभरातच इन्व्हर्टर ओरडायला लागला तर हिशोबात चूक शोधू नका, बॅटरीच गेलीये.

लिथियममध्ये 90 टक्क्यांपर्यंत काढता येतं. म्हणून काकांना मी सांगितलं की दोन्हींवर 1800 असले तरी तुमच्या स्कूटरचा पॅक प्रत्यक्षात जास्त देतो, आणि घरातली पन्नास किलोच्या वरची आहे तर ही तुम्ही उचलून लिफ्टने वर नेता, पैसे त्याचे आहेत. त्यांचा लगेच पुढचा प्रश्न, "मग लाइट गेल्यावर हीच लावू का इन्व्हर्टरला?" अजिबात नाही. साठवण सारखी असली तरी 12 व्होल्टच्या इन्व्हर्टरला 60 व्होल्ट लावले तर तो त्याच क्षणी जळेल.