हप्ता बाउन्स झाला? मग निदान या चुका तरी टाळा

कर्ज विभागात बसणाऱ्याला महिन्याच्या सहा-सात तारखेला एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, पैसे टाकलेत खात्यात, तुम्ही घ्या ना कापून." हप्ता बाउन्स होणं एक वेळ समजू शकतो. पण त्यानंतर लोक जे करतात, त्यानेच खरं नुकसान होतं.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे कमी पडले तेवढेच पैसे खात्यात टाकून गप्प बसणं. बाइकचं कर्ज घेतलेल्या एका पोराचं उदाहरण सांगतो. हप्ता ४,३५० रुपये, तारीख ५. खात्यात होते ४,१००. सकाळीच नॅचचं मॅन्डेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची मागणी, आलं आणि परत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने ५०० रुपये टाकले. शिल्लक ४,६०० दिसली आणि पठ्ठ्या निश्चिंत झाला. पण बाउन्स झाल्यावर दंड दोन ठिकाणी लागतो. फायनान्स कंपनी तिचा लावते आणि ज्या बँकेत आपलं खातं आहे ती बँकही मॅन्डेट परत गेल्याचं शुल्क घेते. त्याच्या बँकेने २५० आणि त्यावर जीएसटी मिळून २९५ रुपये कापले. उरले ४,३०५. कंपनीने १० तारखेला मॅन्डेट पुन्हा पाठवलं, तेही ४५ रुपये कमी पडून परत गेलं. बँकेचे २९५ दोनदा आणि कंपनीचे ५०० दोनदा. अडीचशे रुपये कमी होते म्हणून १,५९० रुपयांचा भुर्दंड.

प्रकरण इथेच संपलं नाही. अकरा तारखेला त्याने कंपनीच्या अ‍ॅपवरून बरोबर ४,३५० भरले, दंडाचे हजार तसेच ठेवले. "ते नंतर बघू." करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की आलेली रक्कम आधी शुल्कात जमा होईल. म्हणजे हप्त्यातलेच हजार थकले. पुढच्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला, त्यातून जुने हजार फिटले आणि नव्या हप्त्यातले हजार थकले. ही शेपटी महिनोन् महिने चालली. तो म्हणायचा, एकही हप्ता चुकवला नाही. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये थकीत दिवसांच्या, म्हणजे डीपीडीच्या रकान्यात दर महिन्याला पंचविसाच्या आसपास आकडा बसलेला. नवं कर्ज मागायला गेला तेव्हा हे कळलं.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. बाउन्सचा मेसेज आला की खात्यात पैसे टाकून वाट बघायची नाही. कंपनीला फोन करायचा, हप्ता आणि सगळी शुल्कं मिळून आज नेमके किती भरायचे ते विचारायचं आणि तेवढे त्याच दिवशी भरायचे. मॅन्डेट पुन्हा पाठवणार आहात का, हेही विचारायचं, नाहीतर एकच हप्ता दोनदा जातो. चार-पाच दिवसांनी कर्जखात्याचा उतारा मागवून थकबाकी शून्य आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. अ‍ॅपवरच्या हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही.

तीन-चार दिवसांच्या उशिराने आयुष्य बरबाद होत नाही. जानेवारी २०२५ पासून बँका सिबिलसारख्या क्रेडिट संस्थांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवतात. पुढची माहिती जाण्याआधी सगळं चुकतं केलं, तर सहसा डीपीडी शून्यच दिसतो. तीस दिवस ओलांडले की मात्र पुढचा बँकवाला भुवया उंचावतो, आणि नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या मार्गावरचं कर्ज.

दंड माफ करून मागायला लाजू नका. पहिलीच वेळ असेल तर ईमेल करा, पुष्कळदा निम्मा तरी सुटतो. आणि दंडाच्या नावाखाली व्याजदर वाढवलेला दिसला तर भांडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंड शुल्क लावता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

पगार सातला आणि हप्ता पाचला असेल, तर तारीख बदलून घ्या. दर महिन्याला मित्राकडून उसने घेणं हा उपाय नव्हे.

पगाराचं खातं बदललं तर नवं मॅन्डेट लागू होईपर्यंत जुन्या खात्यात हप्ता ठेवा.

थकबाकी फेडूनही रिपोर्टमध्ये दिसत असेल, तर सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा आणि उतारा जोडून तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पण हे चुकीच्या नोंदीसाठी. खरोखर झालेला उशीर कोणी पुसून देत नाही. "पाच हजारात सिबिल साफ" म्हणणारे एजंट तुमच्याच नावाने हीच फुकट तक्रार टाकतात, ती फेटाळली जाते आणि नंतर फोन उचलत नाहीत.