लायसन्सची टेस्ट द्यायला निघायच्या आधी गाडीची पीयूसी बघा

खानापूरचा मामेभाऊ परवा विचारत होता, लायसन्सला काय काय लागतं, तर त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय. माझं पहिल्यांदा सगळं बिघडलं होतं, त्यामुळे पुन्हा कुणाचं तसं होऊ नये.

आधी एलएल, म्हणजे शिकाऊ लायसन्स. अर्ज sarathi.parivahan.gov.in वर भरायचा. आरटीओ ऑफिस निवडताना बेळगाव, खानापूरवाल्यांना केए-22, चिकोडी, निपाणीकडच्यांना केए-23. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपीच येत नाही. आधारने अर्ज केला की परीक्षा घरी बसूनच देता येते. चाळीशीच्या पुढचे असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म 1ए लागतो. बाकी फोटो-सही आलीच. गिअरची बाईक चालवायची असेल तर MCWG निवडा, MCWOG म्हणजे फक्त बिनगिअरची स्कूटर. कार पण पाहिजे असेल तर त्याच अर्जात LMV पण घाला.

आता तारखा. एलएल सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही. माझं एलएल 10 जानेवारीचं, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून कधीही टेस्ट देता आली असती, पण मी आज करू उद्या करू करत स्लॉट घेतला 5 जुलैचा. मित्राची बाईक नेली. आरसी होती, इन्शुरन्स होता, पीयूसी 2 जुलैलाच संपलेली. परत पाठवलं. पुढचा स्लॉट मिळेपर्यंत एलएलची मुदत संपली आणि अर्ज, फी, परीक्षा सगळं पहिल्यापासून.

म्हणून सांगतो, दुसऱ्याची गाडी नेणार असाल तर आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी त्याच्याकडून कागदं मागून घ्या आणि पीयूसीवरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मालक 'आहे रे' म्हणतो, त्याला आठवत नसतं. पीयूसी बघा. पेट्रोल पंपाजवळ पाच मिनिटात निघते, पण टेस्टच्या लाईनीत उभं राहून ती काढता येत नाही. आणि स्लॉट तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच घ्या, म्हणजे नापास झालात तरी वेळ उरतो, कारण पुन्हा टेस्ट द्यायला निदान सात दिवस थांबावं लागतं.

टेस्टला एलएल, आधार, पुढं-मागं एल बोर्ड, हेल्मेट, आणि पीयूसी, होय परत तेच. जो वर्ग अर्जात आहे त्याचीच गाडी न्या, स्कूटर नेऊन गिअरचं लायसन्स मिळत नाही. आठचा आकडा काढताना पाय खाली टेकवायचा नाही, त्याची घरामागं दोन दिवस प्रॅक्टिस करा.

पास झालात की कार्ड पोस्टाने घरी येतं, त्यामुळे अर्जातला पत्ता आणि पिनकोड आधीच नीट बघून ठेवा.