शेजारच्या मुलाला बक्षीस मिळाले, तर मोठ्याने वाचून दाखवता येईल असा छोटा अभिनंदन संदेश कसा लिहावा

शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलाचे कौतुक परीक्षकांनी केलेले असते, शिक्षकांनी केलेले असते आणि घरच्यांनीही केलेले असते. शेजाऱ्याजवळ मात्र एक गोष्ट अशी असते जी परीक्षकांना ठाऊक नसते, ती म्हणजे बक्षिसाआधीचे दिवस. भिंतीपलीकडून ऐकू आलेला सराव, संध्याकाळी खेळ लवकर आटोपून घरी परतणारे मूल, खिडकीतून दिसलेले अर्धवट चित्र, यांपैकी एखादी गोष्ट संदेशात आली की तो संदेश फक्त त्या मुलाचाच होतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी अशी एकच गोष्ट आठवून ठेवावी, आणि ती आठवल्याशिवाय पहिले वाक्यही लिहू नये.

त्याआधी एक लहानसे काम उरकावे. बक्षीस कोणत्या स्पर्धेत मिळाले, क्रमांक कितवा आला आणि मुलाचे शाळेतले नाव काय, हे त्याच्या आईला किंवा वडिलांना विचारून घ्यावे. संदेश चारचौघांत वाचला जाणार असेल, तर घरातले लाडाचे नाव त्या मुलाला तिथे चालेल का, हेही विचारावे, कारण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मित्रांसमोर ते नाव बहुधा नको असते.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, शेजारच्या पाचवीतल्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले आहे. आपल्यापैकी बरेच जण सवयीने असे लिहितील:

‘आपण वक्तृत्व स्पर्धेत उज्ज्वल यश संपादन करून आई-वडिलांचे व शाळेचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

या वाक्यात चूक काहीच नाही, पण त्यात ती मुलगीही नाही. स्पर्धेचे नाव बदलले की हेच वाक्य कोणालाही देता येते. शिवाय ऐकणाऱ्या मुलीला ‘अभिनंदन’ हा शब्द येईपर्यंत ताटकळावे लागते, आणि तोवर कौतुक आई-वडिलांकडे आणि शाळेकडे निघून गेलेले असते. लहान मुलाला ‘आपण’ म्हणणेही परके वाटते. शेजारची काकू किंवा काका एरवी तिला ‘तू’ म्हणत असतील, तर संदेशातही ‘तू’च ठेवावे.

म्हणून पहिल्या वाक्यात तिचे नाव, बक्षीस आणि अभिनंदन एवढेच यावे. दुसऱ्या क्रमांकाला ‘दुसरे बक्षीस’ असे सरळ म्हणावे. ‘पुढच्या वेळी पहिला नंबर हवा’ हे वाक्य कितीही प्रेमाने लिहिले तरी हातात आलेले बक्षीस कमी पडल्याचे सांगते, आणि ‘थोडक्यात पहिला नंबर हुकला’ हेही तेच सांगते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांत आपण पाहिलेली किंवा ऐकलेली गोष्ट यावी. संदेशाचा सगळा गोडवा इथे असतो आणि सांभाळून लिहायची जागाही हीच असते. या मुलीचा सराव जिन्यात ऐकू येत असे, आणि एका लांब वाक्यापाशी ती दररोज अडखळत असे. मनात पहिल्यांदा वाक्य येईल ते असे: ‘त्या वाक्याला तू रोज अडखळायचीस.’ आपल्याला त्यातून तिची चिकाटी सांगायची असते, पण हे वाक्य भावंडांसमोर मोठ्याने वाचले गेले की ऐकणाऱ्यांच्या लक्षात ‘अडखळायचीस’ एवढेच राहते आणि पुढचे काही दिवस तिला त्यावरून चिडवले जाते. तोच प्रसंग तिच्या बाजूने लिहावा: ते वाक्य ती वेगवेगळ्या पद्धतींनी म्हणून बघायची. खरेपणा तसाच राहतो, आणि ऐकताना तिची मान खाली जात नाही. भिंतीपलीकडून रडणे, रागावणे किंवा घरातले बोलणे ऐकू आले असेल, तर ते संदेशात कधीही येऊ नये.

‘तू किती हुशार आहेस’ हे वाक्यही मी इथे टाळावे असेच सुचवेन. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी साधारण पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुले पुढची कोडी कठीण जाताच, मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलांपेक्षा लवकर हात टेकत होती. मात्र मेहनतीचे कौतुकही आपण स्वतः काही पाहिले असेल तरच करावे. न पाहिलेली मेहनत मुलांना लगेच पोकळ वाटते.

शेवटचे वाक्य छोटे आणि हलके असावे. उपदेश नको, भविष्याचे ओझे नको. तिच्या कामात आपल्याला रस आहे एवढे कळले की पुरे. हे सगळे जमवून संदेश असा होतो:

‘(नाव), वक्तृत्व स्पर्धेत तुला दुसरं बक्षीस मिळालं, मनापासून अभिनंदन! संध्याकाळी जिन्यात तुझा सराव ऐकू यायचा. शेवटचं ते लांब वाक्य तू वेगवेगळ्या पद्धतींनी म्हणून बघायचीस, आणि एक दिवस ते एका दमात जमलं. तुला वाटेल तेव्हा ते भाषण आम्हाला पूर्ण ऐकव. शेजारचे काका आणि काकू.’

हे सुमारे 40 शब्द आहेत, आणि सावकाश वाचले तरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. याच्या दुप्पट झाले की लहान मुलांची चुळबुळ सुरू होते. एरवी पत्रात आपण ‘मिळाले’, ‘दुसरे’ असे लिहू, पण हा मजकूर कानांसाठी आहे, म्हणून ‘मिळालं’, ‘दुसरं’ असे बोलण्यासारखेच लिहिले आहे. नाहीतर वाचणारा मधेच अडतो किंवा भाषण केल्यासारखा सूर लावतो. मुलगा असता तर ‘बघायचीस’चे ‘बघायचास’ झाले असते, आणि जुना संदेश दुसऱ्या मुलासाठी वापरताना नेमकी हीच जागा बदलायची राहून जाते.

लिहून झाल्यावर संदेश एकदा मोठ्याने वाचावा. जिथे वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो, तिथे त्याची दोन वाक्ये करावीत. जिथे जीभ वळत नाही, तो शब्द बदलावा. वाचणारे दुसरे कोणी असेल, तर मजकूर मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहून द्यावा. खोलीत तिची भावंडे असतील, तर वाचून झाल्यावर त्यांच्याकडे वळून ‘आता तुझा नंबर’ असे म्हणू नये. लिहिताना टाळलेली तुलना तोंडी आली तरी तितकीच बोचते.

कधी कधी आपण मुलाच्या तयारीतले काहीच पाहिलेले नसते. अशा वेळी आठवण रचू नये. मुलालाच भेटून ‘यातलं सगळ्यात अवघड काय होतं?’ असे विचारावे आणि त्याने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत दुसऱ्या वाक्यात लिहावे. तेवढे विचारायला वेळ मिळाला नाही, तर पहिले वाक्य आणि खालचे आपले नाव एवढाच संदेश द्यावा.