एकच डोळा पुन्हा पुन्हा लाल होतोय? जुनं ड्रॉप घालायची चूक टाळा

देवगडकडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचं उदाहरण घ्या. ऐन काढणीत उजवा डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. मागच्या वर्षीही हाच डोळा लाल झाला होता. बागेतलं काहीतरी गेलं असेल म्हणून मेडिकलवाला अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र असलेलं ड्रॉप देतो. दोन दिवसांत लाली ओसरते आणि सगळे निर्धास्त होतात. पण आठवड्याभरात नजर धूसर होते.

पहिली चूक म्हणजे याला ‘डोळे आले’ समजणं. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही डोळ्यांना लागण होते, चिकट घाण येते. नेहमी तोच एक डोळा दुखत असेल, तर हर्पिस सिम्प्लेक्सची शंका घ्यावी. तापानंतर ओठावर फोड आणणारा हाच विषाणू. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो आणि अधूनमधून त्याच वाटेने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, उतरतो.

ओळखायचं कसं? डॉक्टर फ्लुरोसीनचा केशरी रंग लावून निळ्या उजेडात बघतात. व्रण हिरवा चमकतो, झाडाच्या फांद्यांसारखा, फांद्यांच्या टोकांना बारीक गाठी. त्याआधी, सुन्न करणारं ड्रॉप न घालता, कापसाच्या धाग्याने कॉर्निया हलकेच स्पर्शून पाहतात. या आजारात तिथली संवेदना कमी होते. त्यामुळे ‘या वेळी फारसं दुखत नाही’ यात दिलासा नाही.

आता स्टेरॉइडचं. लाली आणि सूज ही शरीराची विषाणूशी चाललेली झुंज. स्टेरॉइड ती झुंज थांबवतं, विषाणूला नाही. डोळा पांढरा दिसतो, खाली विषाणू मोकाट वाढतो. फांद्या एकमेकींत मिसळून नकाशासारखा पसरट व्रण होतो. तो खोल गेला की बरा होतानाही डाग उरतो, म्हणजे डोळ्यात फूल पडतं. बागायतदाराचं हेच झालं.

फांद्यांच्या व्रणाला विषाणूविरोधी औषध लागतं: ३ टक्के असायक्लोविर मलम दिवसातून ५ वेळा, गॅन्सिक्लोविर जेल, किंवा गोळ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गोळ्यांचा डोस बदलतो, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा.

मग डॉक्टर कधीकधी स्टेरॉइड लिहितात ते का? विषाणूचा परिणाम कॉर्नियाच्या आतल्या थरात सूज म्हणून दिसतो, तेव्हा ते लागतं. पण सोबत विषाणूविरोधी औषध असतं, आणि थेंब हळूहळू कमी केले जातात. बरं वाटलं म्हणून ते एकदम बंद केले तर सूज उलटते. आणि उरलेली बाटली पुढच्या लाल डोळ्यासाठी फडताळात ठेवू नका. पुढच्या वेळी व्रण वरच्या थरात असू शकतो.

वारंवार उलटत असेल, विशेषतः आतल्या थरात, तर असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर घ्यावं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.